प्रश्न तुमचे, उत्तरं माझी: मूरची मिली करताना आऊटपुट नेमका कुठे जातो?

गेल्या वेळी स्टेट मशीनवर दोन शब्द लिहिले आणि इनबॉक्स भरला. बहुतेकांची गाडी एकाच सिग्नलला अडकलीय, मूर मशीनवरून मिली मशीन करणं. म्हणून आज फक्त तेवढंच, आणि सगळ्यांना एकच उदाहरण घेऊन उत्तरं देतो म्हणजे दर वेळी नवीन चित्र काढायला नको.

प्रश्न (घाटकोपर, टीसीएसचा विद्यार्थी): सर, बाणावर कुठल्या स्टेटचा आऊटपुट लिहायचा? मी बाण जिथून निघतो त्या स्टेटचा लिहिला, पूर्ण प्रश्नाचे मार्क गेले.

टीसीएस म्हणजे कंपनी नव्हे, थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स, हे बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो.

तू घाटकोपरचा ना, मग लोकलनेच समजून घे. प्लॅटफॉर्मवर स्टेशनच्या नावाचा बोर्ड असतो, गाडी तिथे उभी आहे तोवर तो दिसतो, तू कुठून आलास याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. हा झाला मूरचा आऊटपुट, स्टेटला चिकटलेला. आता गाडी सुटली की डब्यात अनाउन्समेंट होते, पुढील स्टेशन अमुक. हा मिलीचा आऊटपुट, प्रवासाला म्हणजे बाणाला चिकटलेला. घाटकोपरहून विक्रोळीकडे निघाल्यावर अनाउन्सरने ‘घाटकोपर’ सांगितलं तर लोक काय म्हणतील? तू पेपरात तेच केलंस. बाणावर नाव लिहायचं ते बाण जिथे पोचतो त्या स्टेटचं, जिथून निघतो तिचं नाही. फॉर्म्युल्यात एवढंच:

```
λ'(q, a) = λ(δ(q, a))
```

आधी δ ने पुढची स्टेट काढ, मग त्या स्टेटचा आऊटपुट बघ, तो बाणावर टाक. संपलं कन्व्हर्जन. स्टेट तेवढ्याच, बाण तेवढेच, फक्त बोर्डावरची नावं उचलून त्या स्टेशनात येणाऱ्या प्रत्येक गाडीत वाजवायची.

आता उदाहरण घेऊ, ते शेवटपर्यंत पुरणार आहे. इनपुटमध्ये 101 दिसला की 1 द्यायचा, आणि ओव्हरलॅप चालतो म्हणजे 10101 मध्ये दोनदा. मूरमध्ये चार स्टेट लागतात. A म्हणजे हातात काहीच नाही, B म्हणजे शेवटी 1 आलाय, C म्हणजे 10 आलेत, D म्हणजे 101 पूर्ण झालं. आऊटपुट फक्त D चा 1, बाकी तिघींचा 0.

```
मूर                        मिली
स्टेट  x=0  x=1  आऊटपुट    x=0   x=1
A      A    B    0         A/0   B/0
B      C    B    0         C/0   B/0
C      A    D    0         A/0   D/1
D      C    B    1         C/0   B/0
```

उजव्या टेबलात आठ बाण आहेत आणि 1 फक्त एकावर, C वरून D ला जाणाऱ्या. कारण D मध्ये शिरायचा रस्ता तो एकच. D मधून निघणाऱ्या दोन्ही बाणांवर मात्र 0 आहे, आणि पोरं हमखास तिथेच 1 मारतात.

चुकलंय का ते पेपरातच अर्ध्या मिनिटात कळतं. 1101011 हा इनपुट चालवून बघ. मूरच्या स्टेट A B B C D C D B अशा लागतात आणि आऊटपुट 0 0 0 0 1 0 1 0. बरोबर मिलीचा येतो 0 0 0 1 0 1 0, म्हणजे मूरच्या ओळीतलं डोकं कापलेलं. तुझ्या चुकीच्या मशीनचा येतो 0 0 0 0 1 0 1, म्हणजे शेपूट कापलेलं. दोन्हीत सातच आकडे, दोन्हीत 1 दोनदाच, म्हणून घाईत वाटतं की जमलं. त्यामुळे टेस्ट करताना नेहमी पॅटर्नवर संपणारा इनपुट घ्यायचा. नुसता 101 दे, बरोबर मशीन 0 0 1 देते, चुकलेली 0 0 0 देऊन गप्प बसते.

प्रश्न (डोंबिवली): माझं टेबल तुमच्यासारखंच चार ओळींचं आलं. मैत्रिणीच्या उत्तरात तीनच स्टेट आहेत, ती म्हणते तिचंही बरोबर. दोघी कशा बरोबर?

दोघी बरोबर, ती एक पायरी पुढे गेलीय एवढंच.

मिलीच्या टेबलात B ची आणि D ची ओळ वाचा. B ची C/0, B/0. D ची पण C/0, B/0. मशीन B मध्ये आहे की D मध्ये हे बाहेरून बघणाऱ्याला आता कधीच कळणार नाही, कुठलाही इनपुट द्या, उत्तर तेच. मग दोन वेगळ्या स्टेट सांभाळायच्या कशाला? D पुसा आणि जिथे जिथे D लिहिलंय तिथे B लिहा:

```
स्टेट  x=0   x=1
A      A/0   B/0
B      C/0   B/0
C      A/0   B/1
```

आता हे असं का झालं हे समजून घ्या, कारण हीच खरी गंमत आहे आणि पुस्तकात बऱ्याचदा नुसतं ‘मिलीमध्ये स्टेट कमी लागतात’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. मूरमध्ये B आणि D वेगळ्या का ठेवाव्या लागल्या होत्या? पुढचा प्रवास तर दोघींचा सेम आहे, 101 पूर्ण झालं तरी शेवटचा 1 नव्या पॅटर्नचा पहिला 1 म्हणून चालतोच. फरक एकच, D च्या दारावर 1 ची पाटी होती आणि B च्या दारावर 0 ची. कन्व्हर्जनने पाट्या काढून रस्त्यावर नेल्या. आता दोन्ही दारं कोरी, आणि आतली घरं हुबेहूब. म्हणजे मूरमध्ये ज्या दोन स्टेट्सचे बाण सेम पण आऊटपुट वेगळे, त्या मिलीत डोळे झाकून एक करता येतात.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी.

एक म्हणजे स्टेट कमी होतीलच याची गॅरंटी नाही. बायनरी आकड्याला तीनने भागून बाकी सांगणारी मूर मशीन घ्या, तीन स्टेट, आऊटपुट 0, 1, 2. बाकी r असताना पुढचा बिट b आला की नवी बाकी 2r+b भागिले तीनची. बाकी 0 वरून 0 आणि 1 कडे जाता येतं, 1 वरून 2 आणि 0 कडे, 2 वरून 1 आणि 2 कडे. तिन्ही ओळी वेगळ्या, मिली केली तरी तीनच राहतात. साध्या कन्व्हर्जनने वाढत मात्र कधीच नाहीत.

दुसरं म्हणजे ओळी अक्षरशः जुळायलाच हव्यात असं नाही. समजा एखाद्या मोठ्या मशीनमध्ये X ची ओळ Y/0, A/1 आहे आणि Y ची X/0, A/1. अक्षरं वेगळी दिसतात, पण दोघी 0 वर एकमेकींकडे चेंडू टाकतायत आणि आऊटपुट सेम. त्या पण एकच. हे पकडायला आधी फक्त आऊटपुट बघून गट पाडायचे, मग एका गटातल्या सगळ्या स्टेट त्याच इनपुटवर एकाच गटात जातात का हे बघत गट फोडत जायचं, फुटणं थांबलं की उरलेला प्रत्येक गट म्हणजे एक स्टेट. आपल्या टेबलावर करून बघा, पहिल्याच फेरीत C वेगळी पडते कारण तिच्याच बाणावर 1 आहे, दुसऱ्या फेरीत A सुटते कारण 0 आला की B आणि D दोघी C कडे जातात आणि A स्वतःकडेच राहते. B आणि D शेवटपर्यंत एकत्र.

प्रश्न (मुलुंड): मूर मशीन n अक्षरांना n+1 आऊटपुट देते आणि मिली n देते. लांबीच वेगळी तर त्यांना इक्विव्हॅलंट म्हणायचं कोणत्या तोंडाने?

चांगला आक्षेप आहे, आणि तोंड थोडं वाकडंच करावं लागतं हे मान्य.

मूर मशीन एकही इनपुट यायच्या आधी सुरुवातीच्या स्टेटचा बोर्ड दाखवतेच. मिलीला बाण चालल्याशिवाय काही बोलताच येत नाही. चर्चगेटला गाडी उभी असताना ‘पुढील स्टेशन चर्चगेट’ असं कोणी सांगत नाही, तसंच. म्हणून व्याख्याच अशी केलीय की मूरचा तो पहिला आऊटपुट सोडून द्यायचा आणि उरलेले n अक्षरं मिलीशी जुळले की दोघी इक्विव्हॅलंट. वर डोकं कापलं म्हणालो ते हेच.

आता हे सोडून दिलेलं अक्षर बिनमहत्त्वाचं असतं का, तर मशीनवर अवलंबून. 101 वाल्यात ते 0 होतं, गेलं तर गेलं. पण आलेल्या 1 ची संख्या सम आहे का सांगणारी मूर मशीन घ्या, स्टेट ‘सम’ चा आऊटपुट 1, ‘विषम’ चा 0. काहीच इनपुट नाही तेव्हा शून्य वेळा 1 आलाय, शून्य सम, म्हणून मूर 1 दाखवते आणि ते बरोबर उत्तर आहे. मिली तिथे मुकी. म्हणजे रिकाम्या स्ट्रिंगचं उत्तर तुमच्या कामात लागत असेल तर मिली करताना ते हातातून जातं, वेगळीकडे लिहून ठेवावं लागतं. पेपरात एक ओळ टाका, ‘सुरुवातीचा आऊटपुट λ(q0) वगळून’, तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा राहत नाही.

जाता जाता, हा मूर म्हणजे चिपवरच्या ट्रान्झिस्टरच्या नियमवाला गॉर्डन मूर नाही, हा एडवर्ड मूर. त्याचा पेपर 1956 चा आणि जॉर्ज मिलीचा 1955 चा, म्हणजे शिकवताना आपण मूर आधी घेतो पण छापून मिली आधी आलेला. दोघेही बेल लॅब्जचे.

प्रश्न (वसई, इलेक्ट्रॉनिक्स): चारच्या तीन स्टेट झाल्या, म्हणजे एक फ्लिपफ्लॉप वाचला ना? प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तसं लिहू का?

नका लिहू, व्हायवात धरतील.

चार स्टेटला दोन फ्लिपफ्लॉप, तीन स्टेटलाही दोनच. एका फ्लिपफ्लॉपमध्ये दोनच स्टेट मावतात. वाचला असता तो वन-हॉट पद्धतीत, प्रत्येक स्टेटला एक फ्लिपफ्लॉप देता तेव्हा चाराचे तीन होतात. पण बायनरीत काहीच वाचलं नाही असंही नाही, फक्त ते वेगळ्या जागी दिसतं. A=00, B=01, C=10, D=11 असं कोडिंग करा, डावा बिट Q1 आणि उजवा Q0, आऊटपुटला z म्हणा आणि दोन्ही मशीनची समीकरणं काढा (Q0' म्हणजे Q0 चा उलटा, आणि Q च्या पुढचा + म्हणजे पुढच्या क्लॉकनंतरची किंमत):

```
मूर:   Q0+ = x
       Q1+ = Q0·x' + Q1·Q0'·x
       z   = Q1·Q0

मिली:  Q0+ = x
       Q1+ = Q0·x'
       z   = Q1·Q0'·x
```

दोन मिनिटं हे नुसतं बघत बसा. Q1·Q0'·x ही टर्म म्हणजे ‘मी C मध्ये आहे आणि आत्ता 1 आलाय’. मूरमध्ये ती फ्लिपफ्लॉपच्या आत ढकलली जाते, क्लॉक पडतो, मशीन D मध्ये जाते आणि मग z वर 1 दिसतो. मिलीमध्ये तीच टर्म उचलून थेट z वर सोडलीय. अख्खं कन्व्हर्जन गेटच्या भाषेत एवढंच झालं, एक टर्म फ्लिपफ्लॉपच्या अलीकडून पलीकडे गेली. म्हणून मिलीचा 1 त्याच सायकलमध्ये दिसतो आणि मूरचा पुढच्या क्लॉकनंतर.

आणि हो, मिलीमध्ये 11 हा कोड आता कुणाचाच नाही, डोन्ट केअर धरून z = Q1·x एवढंच लिहायचा मोह होईल. धावताना मशीन 11 मध्ये जाऊच शकत नाही, कारण Q0+ ला x=1 हवा आणि Q1+ ला x=0. पण पॉवर ऑन केल्यावर फ्लिपफ्लॉप 11 वर उठले, रीसेट नाही, आणि x पण 1, तर पहिल्याच क्षणी खोटा 1 मिळणार. वरची पूर्ण टर्म ठेवली तर 11 हा आपोआप B सारखा वागतो, म्हणजे आपली जुनी D च मिलीच्या कपड्यात परत येते.

प्रश्न (भांडुप): ब्रेडबोर्डवर मूर सर्किट नीट चालत होतं, मिली केल्यावर z ला लावलेला काउंटर वेड्यासारखा मोजतोय. एकदा 101 दिलं तर कधी 3 वाढतो कधी 5. टेबल चार वेळा तपासलं.

टेबल बरोबरच असणार. तुमचा काउंटरचा क्लॉक थेट z ला जोडलाय का बघा, आणि x साध्या पुश बटणावरून येतोय का.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. शिकत होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर 7474 आणि गेट आणून नेमकं हेच सर्किट बांधलं होतं, दोन दिवस 7474 बदलत बसलो, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आयसी सगळे ठणठणीत होते. होतं काय, मशीन C मध्ये उभी आहे, तुम्ही बटण दाबता, आतली पत्री काही मिलीसेकंद थरथरते, x म्हणजे 1 0 1 0 1 असा नाचतो. मिलीत z = Q1·Q0'·x, मध्ये क्लॉक नाहीच, त्यामुळे x नाचला की z पण तसाच नाचतो आणि काउंटर प्रत्येक उडी इमानदारीत मोजतो. मूरमध्ये x कडे फक्त क्लॉकच्या कडेलाच बघितलं जायचं, मधला नाच कुणाला दिसतच नव्हता. कागदावर मशीन इक्विव्हॅलंट आहे कारण कागदावर प्रत्येक पायरीला x एकच असतो, बटणाला हे माहीत नाही.

उपाय असा की z ला क्लॉक म्हणून वापरायचंच नाही. काउंटरलाही मुख्य क्लॉकच द्यायचा आणि z त्याच्या एनेबलला, 74161 सारखा एनेबलवाला काउंटर घ्या. शिवाय x आधी एका फ्लिपफ्लॉपमधून सिंक करून आणा, आणि बटणाला डीबाउन्स लावा, कारण क्लॉक फास्ट असेल तर तो थरथराटच पॅटर्न म्हणून वाचला जाईल, ते मूरमध्येही होईल. काही जण z वरच एक फ्लिपफ्लॉप बसवतात, z साफ होतो खरा, पण मग आऊटपुट एक क्लॉक उशिरा आला, म्हणजे फिरून मूरच्याच दारात.

आणि मूर म्हणजे एकदम स्वच्छ असंही समजू नका. वरच्या मूरमध्ये B वरून C ला जाताना 01 चा 10 होतो, दोन्ही बिट एकदम बदलतात, Q1 किंचित आधी उठला तर क्षणभर 11 दिसतं आणि z वर नॅनोसेकंदाचा टोचा येतो. फरक एवढाच की हा टोचा क्लॉक पडल्या पडल्या येतो आणि पुढच्या क्लॉकच्या आत शांत होतो, मिलीचा x नाचेल तेव्हा येतो.

प्रश्न (दादर): तीन स्टेटची मिली परत मूर केली तर माझी मूळची चार स्टेटची मशीन मिळेल का, की माहिती हरवली?

इथे मिळते. उलटं जाताना प्रत्येक स्टेटमध्ये येणाऱ्या बाणांवरचे आऊटपुट बघायचे. A मध्ये येणारे दोन्ही बाण 0 चे, तिला 0 ची पाटी. C मध्ये येणारा एकमेव बाण 0 चा. B मध्ये मात्र A कडून आणि स्वतःकडून 0 येतो आणि C कडून 1. एका दारावर दोन पाट्या लागत नाहीत, म्हणून B चे दोन तुकडे, एक 0 ची B आणि एक 1 ची B, दोघींचे बाहेर जाणारे बाण सेम. ती 1 ची B म्हणजे आपली जुनी D. नाव गेलं, मशीन तीच.

हरवतो फक्त सुरुवातीचा आऊटपुट, तो मिलीत कुठेच लिहिलेला नसतो. इथे A मध्ये फक्त 0 येतो म्हणून 0 धरलात तर काम भागतं. पण समजा सुरुवातीची स्टेटच दोन तुकड्यांत फुटली, तर दोन्ही तुकड्यांपैकी कुठल्यावरून सुरू करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. पहिला आकडा सोडून दोन्हींचं उत्तर सारखंच येतं.